दुकान 'नावावर' होत नाही : मालक गेल्यानंतरच्या सहा महिन्यांचे प्रकरण

सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बाजारपेठेत किराणा दुकान आहे. ११ जुलै २०२५ रोजी दुकानाचे मालक हृदयविकाराने गेले. वय ५८. मागे पत्नी, लग्न झालेली थोरली मुलगी, गेली सात वर्षे दुकानात बसणारा मुलगा आणि मालकांची स्वतःची ७९ वर्षांची आई. मृत्युपत्र नाही. मालकांची कराची विवरणपत्रे मीच भरत असे, त्यामुळे हे प्रकरण माझ्याकडे आले. ओळख पटू नये म्हणून काही तपशील आणि रकमा बदलल्या आहेत.

दहाव्याच्या आधीच मुलाचा फोन आला. "काका, दुकान माझ्या नावावर करायचंय. काय काय लागेल?" प्रश्न साधा वाटतो, पण त्यातच घोळ आहे. एकट्या मालकीचे दुकान म्हणजे कायद्याच्या नजरेत मालक आणि दुकान एकच. पाटीवर नाव काहीही असो, पॅन मालकाचा, जीएसटी क्रमांक त्या पॅनवरचा, चालू खाते त्याच माणसाचे. माणूस गेला की नावावर करायला 'दुकान' नावाची वस्तू उरत नाही. उरतो तो माल, उधारी, देणी, जागेचा हक्क आणि काही परवाने. यातल्या काहीच गोष्टी मुलाकडे चालत येतात. बाकी सगळे नव्याने काढावे लागते, आणि तेही ठराविक क्रमाने. क्रम चुकला की एका कागदासाठी दुसरा आणि दुसऱ्यासाठी पहिला, असे गोल फिरणे सुरू होते.

त्याला दोन गोष्टी लगेच सांगितल्या. दुकान उघडण्याआधी मालाची मोजणी करायची, आणि बाबांच्या मोबाईलवरून एकही पैसा हलवायचा नाही. पहिली त्याने ऐकली. दुसरी सांगेपर्यंत उशीर झाला होता.

मोजणीचे दोन दिवस

२१ आणि २२ जुलैला मुलगा, मेहुणे आणि दुकानातला जुना माणूस यांनी मिळून सगळा माल मोजला. मेहुण्यांना मुद्दाम बसवले. बहिणीच्या बाजूचा माणूस मोजणीत असला की पुढे "माल किती होता" हा प्रश्न निघत नाही. खरेदीच्या दराने माल ११ लाख ६० हजारांचा भरला. यादीवर तिघांच्या सह्या, प्रत्येक पानावर तारीख.

मृत्यूच्या दिवशी दुकानात काय होते हे सांगणारा दुसरा कागद नंतर तयार करता येत नाही. वडिलांचा व्यवसाय कुठे संपला आणि मुलाचा कुठे सुरू झाला ते हीच यादी सांगते. वडिलांचे १ एप्रिल ते ११ जुलै या काळाचे प्राप्तिकर विवरण मुलगा त्यांचा कायदेशीर प्रतिनिधी म्हणून भरणार, आणि तिथे अखेरचा साठा हाच. मुलाच्या स्वतःच्या विवरणात सुरुवातीचा साठाही हाच. वारसांची वाटणीही याच आकड्यावर होणार. बहुतेक घरांत मोजणी न करताच दुकान उघडतात, आणि चार महिन्यांनी सगळे अंदाजाने ठरवतात.

दुकान २५ जुलैला उघडले. तेरावा २३ ला झाला होता, पण दुसऱ्या दिवशी अमावस्या, म्हणून एक दिवस आणखी थांबले. श्रावणाचा पहिला दिवस. साबुदाणा, भगर आणि शेंगदाणे यांच्या खपाचा महिना. दुकान त्याहून जास्त दिवस बंद ठेवणे परवडणारे नव्हते.

आजीचा हिस्सा

वारस कोण, असे विचारल्यावर मुलाने तीन नावे सांगितली : आई, ताई आणि तो स्वतः. आजीचे नाव त्याच्या डोक्यातही नव्हते. तहसील कचेरीबाहेर प्रतिज्ञापत्रे लिहून देणाऱ्यानेही तीनच नावे टाकली होती.

हिंदू वारसा कायदा, १९५६ प्रमाणे मृत्युपत्र न करता गेलेल्या पुरुषाच्या पहिल्या वर्गाच्या वारसांत पत्नी, मुलगे आणि मुली यांच्याबरोबर आईही येते. वडील त्या वर्गात येत नाहीत, आई येते. म्हणजे इथे चार वारस आणि प्रत्येकाचा चौथा हिस्सा. मुलगी लग्न होऊन गेली म्हणून तिचा हिस्सा कमी होत नाही, आणि मुलगा सात वर्षे दुकानात राबला म्हणून त्याचा वाढत नाही.

आजी वगळल्याने काय बिघडते, असे मुलाने विचारले. "आजी कुठे हिस्सा मागणार आहे?" आजी मागणार नाही हे खरे. पण आजीचा चौथा हिस्सा कायद्याने तिचा झालेलाच आहे. उद्या ती गेली, तर तो हिस्सा तिच्या वारसांकडे जाईल, आणि तिच्या वारसांत या मुलाचे दोन काका आणि एक आत्याही आहेत. म्हणजे ज्या दुकानाशी काकांचा काडीचा संबंध नव्हता, त्यात ते हिस्सेदार होऊन बसतील. माझ्याकडे आलेल्या दुकानांच्या वारसा-भांडणांपैकी निम्मी तरी याच दाराने आत शिरलेली आहेत. घरात सगळ्यात शांत बसलेल्या म्हाताऱ्या माणसाचा कागद सगळ्यात आधी करायला हवा.

मग हिशेब मांडला. माल ११ लाख ६० हजार. उधारीच्या वहीत ३ लाख ४० हजार दिसत होते, पण मुलगा आणि जुना माणूस यांनी एकेक नाव पाहून वसूल होईल अशी २ लाख १० हजारच धरली. चालू खात्यात ४ लाख २६ हजार. फ्रीज, काटे आणि रॅक मिळून ९० हजार. जीएसटीच्या खात्यात, खरेदीवर भरलेल्या कराची, वापरायची राहिलेली वजावट ८४ हजार. एकूण १९ लाख ७० हजार. समोर ठोक व्यापाऱ्यांचे देणे ६ लाख ८५ हजार, आणि एका जुन्या वर्षाच्या नोटिशीपोटी जीएसटीचे २५ हजार. उरले १२ लाख ६० हजार. प्रत्येकाच्या वाट्याला ३ लाख १५ हजार.

आकडा कागदावर आल्यावर बोलणे सोपे झाले. आई आणि आजी यांनी आपला हिस्सा मुलाच्या नावे सोडला. ताईने सोडला नाही. "दादा गृहीत धरून चालला होता, मला कुणी विचारलंच नाही," एवढेच ती म्हणाली. भाऊ तिच्याहून लहान, पण घरात सगळेच त्याला दादा म्हणतात. तिचे ३ लाख १५ हजार दोन वर्षांत आठ हप्त्यांत द्यायचे ठरले. हक्कसोडपत्र फक्त चल मालमत्तेचे असेल तर नोंदणी सक्तीची नसते, पण यात जागेच्या हक्काचाही उल्लेख होता, म्हणून दुय्यम निबंधकाकडे नोंदवून घेतले. आजीला त्या कचेरीच्या जिन्यावरून खुर्चीत बसवून वर न्यावे लागले. तो एक दिवस वाया गेला म्हणून मुलगा कुरकुरत होता; मी मात्र त्याच दिवशी निश्चिंत झालो.

मुलाला न सांगता मनात ठेवलेली एक गोष्ट : ताईला आपला हिस्सा बाहेरच्या कुणाला विकायचा असता, तर त्याच कायद्याच्या २२ व्या कलमाप्रमाणे उरलेल्या वारसांना तो आधी घेण्याचा हक्क आहे. हे कलम शेतजमिनीच्या वादात लोकांना आठवते, पण 'व्यवसाय' हा शब्द त्यात स्पष्ट आहे.

जागा : ६५० रुपये की १४ हजार

कागदांच्या साखळीतली पहिली कडी जागा. जागेचा पुरावा असल्याशिवाय जीएसटी क्रमांक मिळत नाही, जीएसटी किंवा दुकानाची नोंद असल्याशिवाय चालू खाते उघडत नाही, आणि खाते नसेल तर ठोक व्यापारी माल उधार देत नाहीत.

हे दुकान वडिलांनी १९९२ पासून पागडीने घेतलेले. भाडे महिना ६५० रुपये, पावती वडिलांच्या नावे. तेराव्याला घरमालक भेटायला आले आणि जाताना म्हणाले, नवी कागदपत्रे तुझ्या नावे करून देतो, काळजी करू नकोस. त्यांनी पाठवलेला कागद होता पाच वर्षांच्या लिव्ह अँड लायसन्सचा, महिना १४ हजार रुपयांचा. मुलगा सही करायलाच निघाला होता. जीएसटीला कागद हवा, आणि कागद समोर आयता तयार.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ मध्ये 'भाडेकरू' या शब्दाच्या व्याख्येतच वारसाची सोय आहे. धंद्यासाठी दिलेल्या जागेचा भाडेकरू गेला, तर त्याच्या मृत्यूच्या वेळी त्याच्याबरोबर ती जागा धंद्यासाठी वापरणारा कुटुंबातला माणूस भाडेकरू ठरतो. असा कुणी नसेल तरच इतर वारस, आणि तेही आपसांत ठरेल तसे. न ठरल्यास न्यायालय ठरवते. म्हणजे मालाचा हक्क चौघांचा, पण भाडेकरूपण दुकानात बसणाऱ्या मुलाचे. लिव्ह अँड लायसन्सवर सही केली असती, तर हे संरक्षण त्याने स्वतःच्या हाताने सोडून दिले असते आणि पाच वर्षांनी जागा रिकामी करून द्यावी लागली असती.

उलट, मूळ करारच लिव्ह अँड लायसन्सचा असेल, तर वारसाकडे काहीच येत नाही. ती परवानगी त्या माणसापुरती असते. तिथे घरमालकाशी नवा करार करण्यावाचून इलाज नाही, आणि भाव तोच ठरवणार. म्हणून दुकान कोणत्या कागदावर आहे हे पहिल्याच दिवशी बघायचे.

घरमालकाने मग संमतीपत्र द्यायला नकार दिला आणि भाड्याची पावतीही थांबवली. आम्ही भाड्याचा चेक दर महिन्याला स्पीड पोस्टाने पाठवत राहिलो. त्याने तो वटवला नाही, पण पाठवल्याची पोच आमच्याकडे राहिली. भाडे थकवल्याचा आरोप टाळण्यासाठी एवढे करावेच लागते.

जीएसटी : तीस दिवसांचा खेळ

व्यवसाय वारसाने चालू ठेवला, तर तो वारसा मिळाल्या दिवसापासून नोंदणीला पात्र ठरतो. तो दिवस म्हणजे मृत्यूचा दिवस, दुकान पुन्हा उघडण्याचा नव्हे. अर्ज त्यापासून ३० दिवसांच्या आत केला, तर नोंदणी ११ जुलैपासून धरली जाते. ३१ व्या दिवशी केला, तर नोंदणी मंजुरीच्या तारखेपासून. मधल्या काळात विक्रीवर कर देणे लागतेच, पण त्या काळातल्या खरेदीची वजावट मात्र मिळत नाही. आमची मुदत १० ऑगस्टला संपत होती. अर्ज ६ तारखेला गेला.

REG-01 या अर्जात नोंदणीचे कारण निवडायचे असते, आणि तिथे मालकाचा मृत्यू हा पर्याय आहे. तो सोडून 'नवा व्यवसाय' निवडणारे बरेच असतात. चालून जाते, पण पुढे वडिलांच्या खात्यातली वजावट मुलाकडे आणताना दोन नोंदण्यांचा संबंध दाखवायला त्रास होतो.

जागेच्या पुराव्याबद्दल खुलासा मागणारी नोटीस अपेक्षेप्रमाणे आली. घरमालकाचे संमतीपत्र कुठे आहे? अशा नोटिशीला सात कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यायचे असते. आम्ही वडिलांच्या नावच्या जुन्या भाडेपावत्या, दुकानाचे वीजबिल, मृत्यूचा दाखला आणि करार उपलब्ध नसल्याचे प्रतिज्ञापत्र जोडले. नोंदणीच्या अर्जातल्या सूचनांतच ही सोय आहे : भाडेकरार नसेल तर प्रतिज्ञापत्र आणि ताबा दाखवणारा कागद. उत्तरात ती ओळ जशीच्या तशी उद्धृत केली. २८ ऑगस्टला क्रमांक आला, ११ जुलैपासून लागू.

क्रमांक येईपर्यंतच्या महिनाभरात काही ठोक व्यापाऱ्यांनी सवयीने वडिलांच्या क्रमांकावर बिले फाडली. काहींनी दुरुस्त करून दिली. उरलेली अकरा-एक हजारांची वजावट आम्ही सोडून दिली. मेलेल्या माणसाने ऑगस्टमध्ये खरेदी केल्याचे खात्यावर दिसू देण्यापेक्षा ते बरे.

आता वडिलांचा जुना क्रमांक. एप्रिल ते जूनचे त्रैमासिक विवरण भरायचे राहिले होते. रूढ पद्धत अशी की वडिलांचे सिम चालू ठेवायचे, ओटीपी घ्यायचा आणि भरून टाकायचे. सर्रास चालते. पण त्या ओटीपीचा अर्थ 'मी सही केली' असा असतो, आणि सहीची तारीख मृत्यूनंतरची. रीतसर मार्ग फार अवघड नाही. मृत्यूचा दाखला आणि वारसांची कागदपत्रे घेऊन आपल्या हद्दीच्या अधिकाऱ्याकडे अर्ज द्यायचा. तो मुलाला त्या क्रमांकावर अधिकृत सही करणारा म्हणून जोडतो आणि मोबाईल व ईमेल बदलून देतो. आम्हाला यासाठी तीन फेऱ्या लागल्या आणि विवरणाला थोडा विलंब आकार पडला.

याच वेळी जुन्या ईमेलमध्ये न उघडलेली ती २५ हजारांची नोटीस सापडली. इथे एक फरक समजून घ्यावा लागतो. वारसाने धंदा बंद केला, तर वडिलांच्या जीएसटीच्या थकबाकीची त्याची जबाबदारी वारशात मिळालेल्या मालमत्तेपुरतीच. धंदा चालू ठेवला, तर कर, व्याज आणि दंड यांची जबाबदारी त्याच्यावर येते, आणि तिला ही मर्यादा नाही. म्हणून 'चालू ठेवायचे' असे ठरवण्याआधी जुन्या क्रमांकावर काय काय अडकले आहे ते पाहावे. इथे रक्कम किरकोळ होती. दुसऱ्या एका दुकानात मी ती मालाच्या किमतीहून जास्त पाहिली आहे, आणि तिथे बंद करण्याचाच सल्ला दिला होता.

राहिली ८४ हजारांची वजावट. ती ITC-02 या नमुन्याने वडिलांच्या क्रमांकावरून मुलाच्या क्रमांकावर येते. सोबत सनदी लेखापालाचे प्रमाणपत्र लागते, आणि मुलाने आपल्या बाजूने पोर्टलवर ती स्वीकारावी लागते. क्रम महत्त्वाचा : आधी ITC-02, मग जुना क्रमांक रद्द करण्याचा REG-16. केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाच्या मार्च २०१९ च्या परिपत्रकात हे लिहिलेले आहे. घाईने आधी क्रमांक रद्द केला, की वजावट देणारे खातेच बंद होते. तोपर्यंत जुना क्रमांक लटकत राहतो हे खरे, आणि रद्द करण्याच्या अर्जालाही ३० दिवसांची अपेक्षा असते. म्हणून मृत्यूची लेखी खबर अधिकाऱ्याला ऑगस्टमध्येच देऊन पोच घेतली होती. ITC-02 दिवाळीनंतर झाला, REG-16 त्याच आठवड्यात.

परवाने

यात फार वेळ गेला नाही. दोनच कामगार असल्याने दुकाने व आस्थापना कायद्याखाली, म्हणजे लोक ज्याला 'शॉप अ‍ॅक्ट' किंवा 'गुमास्ता' म्हणतात त्याखाली, नोंदणी नव्हे तर फक्त माहिती द्यायची होती. ती मुलाच्या नावे नव्याने ऑनलाइन दिली. उद्यम नोंदणी पॅन आणि आधारवर चालते, तीही नवीन. व्यवसाय कराचा वडिलांचा क्रमांक बंद, मुलाचा सुरू.

खाद्यपदार्थांचा परवाना मात्र वेगळा आहे, कारण तो मालकाबरोबर संपत नाही. अन्न सुरक्षेच्या परवाना नियमांप्रमाणे धारकाच्या मृत्यूनंतर तो ९० दिवस वारसाच्या किंवा कुटुंबीयाच्या उपयोगासाठी जिवंत राहतो, आणि अधिकारी ही मुदत वाढवूही शकतो. तेवढ्यात वारसाने तो आपल्या नावे करून घ्यायचा. आमचे ९० दिवस ९ ऑक्टोबरला भरत होते. अर्ज सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात केला. इतर वारसांची संमती आधीच हातात होती. दोन जणांनी मुलाला सांगितले होते की नवा परवाना काढ, लवकर होतो. होतोही. पण जुना मधेच सोडून दिला आणि नवा रखडला, तर तेवढे दिवस दुकान विनापरवाना चालते.

बँक

सगळ्यात जास्त मनस्ताप इथे झाला, आणि बराचसा टाळण्यासारखा होता.

चालू खात्याला नामनिर्देशन नव्हते. व्यवसायाच्या खात्याला ते करता येत नाही असा पुष्कळांचा समज आहे. एकट्या मालकीच्या धंद्याच्या खात्यालाही ते करता येते, फक्त कुणी सुचवत नाही. अर्थात नामनिर्देशित माणूस मालक होत नाही. बँकेकडून पैसे घेऊन वारसांपर्यंत पोचवणारा तो विश्वस्त. पण निदान पैसे बाहेर तरी निघतात.

वडील गेल्यावर पहिल्या नऊ दिवसांत मुलाने त्यांच्या मोबाईलवरून १ लाख ३५ हजार रुपये तीन व्यापाऱ्यांना पाठवले होते. आषाढी वारीच्या हंगामासाठी आणलेल्या मालाची देणी थकली होती आणि व्यापारी दारात येत होते. त्याच्याकडे वडिलांनी दिलेला सहीचा अधिकारही होता. पण असा अधिकार देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर संपतो, आणि पासवर्ड माहीत असणे म्हणजे अधिकार नव्हे. ताईला हे कळले तेव्हा ती बोलली नाही, पण मेहुणे बोलले. तिन्ही बिले आणि पावत्या समोर ठेवल्या, देणी खरी होती हे दिसले, आणि व्यापाऱ्यांचे देणे तेवढे कमी धरल्याचे हिशेबात दाखवले, तेव्हा ते मिटले. बिले सापडली नसती तर मिटले नसते.

दुसरी चूक काउंटरवरच्या क्यूआर कोडची. दुकान उघडल्यावर बारा दिवस गिऱ्हाइके जुनाच कोड स्कॅन करत होती. मुलाच्या विक्रीचे ६२ हजार मृत वडिलांच्या खात्यात जमा झाले. बँकेला खबर मिळाल्यावर तिने खात्यातून पैसे काढणे थांबवले आणि हे ६२ हजारही आत अडकले. आता ते वारशाचे की मुलाच्या विक्रीचे? तारखांवरून वेगळे काढले, चौघांनी लिहून दिले. तोवर मुलगा रोखीवर दुकान चालवत होता. कोडवर त्याच दिवशी कागद चिकटवला असता तर एवढे झाले नसते.

वडिलांनी पुढच्या तारखेचे दिलेले दोन चेकही 'खातेदार मृत' म्हणून परत आले. एका व्यापाऱ्याने मुलावर चेक न वटल्याचा खटला घालण्याची भाषा केली. तो गुन्हा चेकवर सही करणाऱ्याचा असतो, वारसाचा नव्हे. देणे मात्र वारशापुरते द्यावेच लागते, आणि ते दिलेही.

मुलाचे नवे चालू खाते सप्टेंबरच्या सुरुवातीला निघाले. धंदा असल्याचे दोन पुरावे लागतात. जीएसटी प्रमाणपत्र आणि उद्यम पुरेसे झाले.

जुन्या खात्यातल्या पैशासाठी शाखेने आधी दिवाणी न्यायालयाचे वारसा प्रमाणपत्र मागितले. त्याला महिने लागतात आणि न्यायालयीन शुल्कही पडते. आम्ही बँकेच्या स्वतःच्या धोरणातली मर्यादा लेखी विचारली. रक्कम त्या मर्यादेच्या आत निघाली, आणि हमीपत्र व सर्व वारसांच्या सह्यांवर दावा डिसेंबरमध्ये मंजूर झाला. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये याबद्दल नवे निर्देश काढले आणि ते लागू करायला बँकांना ३१ मार्च २०२६ पर्यंत मुदत दिली. त्यांप्रमाणे नामनिर्देशन नसले, वाद नसला आणि मृत्युपत्र नसले, तर १५ लाखांपर्यंत, सहकारी बँकांत ५ लाखांपर्यंत, न्यायालयाच्या प्रमाणपत्राशिवाय सोप्या पद्धतीने पैसे द्यायचे आहेत, आणि कागद पूर्ण झाल्यावर १५ दिवसांत. शाखेत हे माहीत नसेल तर निर्देशाची प्रत सोबत न्यावी.

उधारीची वही

गिऱ्हाइकांकडची उधारी मुलगा गोळा करत होता, आणि दिवाळीपर्यंत बरीचशी आली. पण एका हॉटेलवाल्याकडे ४८ हजार होते. तो म्हणाला, माझा व्यवहार तुझ्या वडिलांशी होता. वारसाने उधारीसाठी दावा लावला, तर भारतीय वारसा कायद्याच्या २१४ व्या कलमामुळे वारसा प्रमाणपत्राशिवाय न्यायालय त्याच्या बाजूने हुकूमनामा देत नाही. त्या हॉटेलवाल्याला हे माहीत नसणार, पण त्याच्या वकिलाला असते. ४८ हजारांसाठी प्रमाणपत्र काढण्यात अर्थ नव्हता. म्हणून मुलाला सांगितले की भांडू नकोस, वहीतल्या बाकीखाली 'बाकी बरोबर' असे लिहून तारखेसह सही घे. मुदत संपायच्या आत अशी लेखी कबुली मिळाली, तर त्या तारखेपासून तीन वर्षे नव्याने मिळतात. हॉटेलवाल्याने सही दिली, आणि दरमहा चार हजार देतो असे म्हणाला. डिसेंबरअखेर दोन हप्ते आले होते.

जुना जीएसटी क्रमांक नोव्हेंबरच्या शेवटी रद्द झाला. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत भरायचे अखेरचे विवरण, GSTR-10, जानेवारीत भरले. घरमालकाने भाडेकरूपणाविरुद्ध वकिलाची नोटीस पाठवली आहे. तिला उत्तर दिले आहे. ताईचा पहिला हप्ता मुलाने बँकेतून दिला आणि त्याची पावती माझ्या फाइलमध्ये लावायला स्वतः घेऊन आला. पाटीवर अजून वडिलांचेच नाव आहे. नाव तेच ठेवायला कोणत्याही परवान्याची आडकाठी नव्हती.